पैसे वसूल झाल्यानंतरच्या वर्षांचं काय?

प्रश्न: रायपूरजवळ तिल्दा-नेवऱ्याला आमची लहानशी राइस मिल आहे. हाताशी 10 लाख रुपये आहेत. एक विचार असा, की जुना सॉर्टेक्स विकत घ्यावा. दुसरा असा, की शेडच्या छतावर सोलर बसवावं. सॉर्टेक्सचे पैसे सव्वादोन वर्षांत सुटतात, सोलरचे पाच वर्षांत, म्हणून घरात सगळ्यांचा कौल सॉर्टेक्सला आहे. मुलगी बीकॉमला आहे. ती म्हणते, पेबॅक फसवा असतो, एनपीव्ही काढा. डिस्काउंटेड पेबॅक काढला तर नाही का चालणार?
– एक वाचक, रायपूर

उत्तर: मुलीचं म्हणणं बरोबर आहे, पण का बरोबर आहे ते तुमच्याच आकड्यांवर पाहू. तुम्ही कळवलेल्या वसुलीच्या काळावरून मी असं धरलं आहे: सॉर्टेक्स तीन वर्षं चालेल आणि काळे-पिवळे दाणे वेगळे निघून तांदळाला चांगला भाव आल्याने वर्षाला साडेचार लाख जास्त सुटतील. सोलरने पहिल्या वर्षी वीजबिलात 2 लाख वाचतील. हा आकडा अवास्तव नाही. 10 लाखांत साधारण 20 किलोवॉट बसतं, आपल्याकडच्या उन्हात एका किलोवॉटला वर्षाला 1,300 ते 1,400 युनिट मिळतात, आणि युनिटचा दर साडेसात रुपये धरला आहे. पॅनेल 20 वर्षं धरलेत, उत्पादन दरवर्षी अर्धा टक्का घटेल आणि बाराव्या वर्षी इन्व्हर्टर बदलायला दीड लाख लागतील. घरांसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान मिलला लागू होत नाही, म्हणून ते धरलेलं नाही.

पेबॅक एवढंच विचारतो, की घातलेले पैसे किती दिवसांत परत हातात येतील? सॉर्टेक्सला सव्वादोन वर्षं, सोलरला पाच. यात दोन गोष्टी सुटतात. पहिली म्हणजे पैशाची किंमत. तुम्ही बँकेचं कर्ज 12 टक्क्यांनी घेत असाल, तर वर्षाने मिळणारे साडेचार लाख आज 4.02 लाखांच्याच तोडीचे आहेत (4.5 ला 1.12 ने भागा). दुसऱ्या वर्षीचे 3.59 लाखांचे, तिसऱ्या वर्षीचे 3.20 लाखांचे. तिन्हींची बेरीज 10.81 लाख. त्यातून गुंतवलेले 10 लाख वजा केले की उरतात 81 हजार. हीच सॉर्टेक्सची एनपीव्ही, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य.

आता समजा, पैसा महाग झाला आणि 18 टक्क्यांनी घ्यावा लागला. मग त्याच साडेचार लाखांच्या तीन हप्त्यांची आजची किंमत 9.78 लाख होते. म्हणजे 22 हजारांचा घाटा. साधा पेबॅक मात्र अजूनही सव्वादोन वर्षंच दाखवतो, कारण व्याजाचा दर त्याच्या हिशेबात कुठेच येत नाही.

डिस्काउंटेड पेबॅक हा दोष काढतो. आधी प्रत्येक वर्षाची रक्कम आजच्या किमतीत आणायची आणि मग वसुली मोजायची. 12 टक्क्यांनी सॉर्टेक्स पावणेतीन वर्षांत सुटतो, सोलर सव्वाआठ वर्षांत. 18 टक्क्यांनी सॉर्टेक्सचे पैसे कधीच सुटत नाहीत, हेही तो बरोबर सांगतो. तुमच्या प्रश्नातली अडचण याच्या पुढे, म्हणजे सुटलेल्या दुसऱ्या गोष्टीत आहे. पैसे वसूल झाले की डिस्काउंटेड पेबॅकही मोजायचं थांबतो. सोलरची सव्वाआठ वर्षांनंतरची जवळजवळ पावणेबारा वर्षं त्याने पाहिलीच नाहीत, आणि त्या वर्षांतली बचत आजच्या पैशांत साडेचार लाखांची आहे. त्यातून इन्व्हर्टरच्या दीड लाखांची आजची किंमत, म्हणजे 38 हजारांच्या वर, वजा करा. सोलरची एनपीव्ही 4 लाख 11 हजारांच्या आसपास येते. सॉर्टेक्सची 81 हजार. पेबॅकच्या दोन्ही रीतींनी मागे पडलेला पर्याय खरं तर पाचपट मोलाचा निघतो.

इथे एक रास्त शंका येते: तीन वर्षांची वस्तू आणि वीस वर्षांची वस्तू यांची तुलना कशी करायची? सॉर्टेक्स दर तीन वर्षांनी त्याच किमतीला, त्याच कमाईवर पुन्हा घेता आला, तर 20 वर्षांत त्याची एनपीव्ही अडीच लाखांच्या घरात जाते. तरीही सोलर पुढेच. मात्र धानाच्या हंगामाबाहेर मिल बंद राहून सोलरची बचत पाचव्या हिश्शाने कमी झाली, तर त्याची एनपीव्ही सव्वा लाखाच्या आसपास उतरते. मग पारडं सॉर्टेक्सकडे झुकू शकतं, पण तेवढ्याच कमाईवर तो पुन्हा पुन्हा घेता येईल याची खात्री असेल तरच. म्हणून माझ्या मते तुमचा खरा अभ्यास बंद महिन्यांतल्या युनिटांचा आहे. नेट मीटरिंगमध्ये त्यांचे किती पैसे धरले जातील हे आधी विचारून घ्या.

वसुलीनंतरची वर्षं न पाहण्याने उलटाही दगा होतो. समजा, कुणी 10 लाख घालून मुरमाची खदान चालवायला घेतली. चार वर्षं दरवर्षी 4 लाख मिळाले आणि पाचव्या वर्षी खड्डा बुजवून जमीन परत करायला 5 लाख लागले. 12 टक्क्यांनी डिस्काउंटेड पेबॅक तीन वर्षांच्या जरा पुढे येतो, म्हणजे प्रस्ताव दिसायला झकास. पण चार वर्षांची आजची किंमत 12.15 लाख, त्यातून पाचव्या वर्षीच्या खर्चाचे आजचे 2.84 लाख वजा, गुंतवणूक 10 लाख वजा. हाती उणे 69 हजार. शेवटी मोठा खर्च येणार असेल, तर डिस्काउंटेड पेबॅकच्या भरवशावर कधीही राहू नका.

तरी पेबॅक काढूच नये, असं मी म्हणत नाही. ग्रॅहम आणि हार्वी यांनी 2001 साली छापलेल्या पाहणीत अमेरिका-कॅनडातल्या 392 कंपन्यांच्या वित्तप्रमुखांपैकी निम्म्याहून अधिक जण पेबॅक नेहमी किंवा बहुतेक वेळा वापरत होते. कस्टम मिलिंगची बिलं उशिरा सुटली आणि बँकेचा हप्ता डोक्यावर आला, तर पाच वर्षं दम धरता येईल का, हा प्रश्न खराच आहे आणि पेबॅक त्याचं उत्तर देतो. तो रोख रकमेच्या तंगीचा प्रश्न झाला. कोणता पर्याय तुम्हाला अधिक श्रीमंत करतो, हे त्यातून कळत नाही.

मुलीला एक्सेलमध्ये हिशेब करायला सांगा. B1 मध्ये -1000000 आणि B2 ते B21 मध्ये वीस वर्षांच्या रकमा. तेराव्या ओळीत, म्हणजे बाराव्या वर्षी, इन्व्हर्टरचे दीड लाख वजा करायला विसरू नका. मग:

```
=NPV(12%,B2:B21)+B1
```

B1 कंसाबाहेर ठेवा. एक्सेल कंसातली पहिली रक्कम वर्षाअखेरची समजतं, त्यामुळे आज घातलेले 10 लाख आत टाकले तर तेही एक वर्षाने कमी होतात आणि उत्तर चुकतं. नंतर 12 च्या जागी 10, 15, 18 घालून पाहा, बचतीचा आकडाही खालीवर करून पाहा. वीजबिलाचे मागच्या बारा महिन्यांचे युनिट हाताशी असतील, तर सोलरचा निर्णय एका संध्याकाळी होईल.