सोने किती पडते आणि सावरायला किती वर्षे घेते?

उसाचे बिल हाती आले की पुष्कळ घरी थोडे सोने घेतले जाते. सोने कधी पडत नाही, अशी आपली पक्की समजूत. पण ते पडते, आणि एकदा पडले की वर्षानुवर्षे वर येत नाही. म्हणून घेताना आम्ही दोन गोष्टी पाहायला सांगतो. शिखरापासून तळापर्यंत भाव जास्तीत जास्त किती उतरला, ही एक. आणि जुना भाव पुन्हा दिसायला किती काळ गेला, ही दुसरी.

जगातील मोठे उदाहरण 1980 चे. त्या जानेवारीत लंडनला एका औंसाला 850 डॉलर भाव होता. 1999 मध्ये तो 253 डॉलरच्या आसपास आला, म्हणजे शंभरातले सत्तर गेले. जुना आकडा पुन्हा दिसला 2008 साली, अठ्ठावीस वर्षांनी! नंतर 2011 च्या सप्टेंबरात सुमारे 1,895 डॉलर झालेले सोने 2015 च्या डिसेंबरात 1,050 वर आले आणि 2020 मध्ये सावरले.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर एवढे पडले नाही. खरे आहे. 2011 साली डॉलर सुमारे 46 रुपयांना होता, 2015 च्या अखेरीस 66 च्या वर गेला. रुपया उतरला म्हणून आपल्याला सोन्याची घसरण कमी दिसली. पण हा टेकू दर वेळी मिळेलच असे नाही.

आपल्या रुपयातलाच हिशेब करू. 2013 च्या ऑगस्टअखेर रुपया गडगडला, आयातकरही वाढलेला होता. दहा ग्रॅमचा भाव सुमारे 34 हजारांवर गेला. समजा पुलगावच्या एका सभासदाने तेव्हा 50 ग्रॅम घेतले, 1 लाख 70 हजारांना. 2015 च्या ऑगस्टात भाव 25 हजारांच्या आसपास होता. म्हणजे 1 लाख 25 हजार, तूट 45 हजारांची, शेकडा साडेसव्वीस. ती भरून निघायला भाव शेकडा 36 चढावा लागतो, कारण चढ खालच्या आकड्यावर मोजायचा असतो. तो चढ पुरा झाला 2019 च्या जून-जुलैत. जवळजवळ सहा वर्षे! तोवर महागाई वाढली, ती वेगळीच. दागिना असेल तर घडणावळ आणि मोडताना धरली जाणारी घट यांचीही भर.

त्याच सभासदाला 2015 साली विहिरीसाठी पैसे लागले असते, तर 45 हजार तिथेच गेले असते. पैसे 2020 ला लागणार असते तर काही बिघडले नसते. गहाण ठेवून कर्ज काढलेल्याचे आणखी अवघड. भाव उतरला की तारणाची किंमत कमी पडते आणि देणारा वरचे पैसे मागतो.

तेव्हा सराफाकडे जाण्याआधी कागदावर लिहावे: हे पैसे कोणत्या साली, कशाला लागणार? मग रकमेतून चौथा भाग वजा करून पाहावा. उरलेल्यात ते काम होत नसेल, किंवा काम सहा वर्षांच्या आत यायचे असेल, तर तेवढी रक्कम सोन्यात घालू नये, बँकेत ठेवावी.