फोटोतलं नफा-तोटा पत्रक: तुलनेआधी शीर्षं लावून घ्या

भागीदाराने नफा-तोटा पत्रकाचा फोटो मोबाइलवर पाठवलाय आणि तुम्हाला तो गेल्या वर्षाशी ताडून पाहायचाय. खर्च किती? स्वतः केलंत तर काही नाही. वेळ? छोट्या दुकानाच्या दोन वर्षांना एक संध्याकाळ पुरते.

आकडे उतरवायला बसण्याआधी दोन गोष्टी मागा. पहिली, तेच पत्रक टॅलीतून काढलेल्या एक्सेल फाइलमध्ये. हे काही मिनिटांचं काम आहे, त्यासाठी वेगळं बिल येत असेल तर कारण विचारा. दुसरी, पेढीच्या आयकर विवरणपत्राची प्रत. भागीदारी पेढीचं असतं आयटीआर-५. आयकर पोर्टलवर पेढीच्या लॉगिनमधून `View Filed Returns` मध्ये ते मोफत उतरवता येतं. त्यातले नफा-तोट्याचे रकाने ठरलेले असल्याने पडताळणीला उपयोगी पडतात. कुणी ‘सीएमए डेटा’ करून देतो म्हणालं तर थांबा. तो बँकेच्या कर्जासाठी असतो आणि त्यात पुढच्या वर्षांचे अंदाजही येतात. नुसत्या तुलनेसाठी त्याचे पैसे मोजायची गरज नाही.

फाइल मिळालीच नाही तर फोटोवरून काम करा. फोटो तिरका असेल तर एका ओळीची रक्कम शेजारच्या शीर्षापुढे वाचली जाते, म्हणून कागद सपाट ठेवून सरळ वरून पुन्हा काढायला सांगा. आतल्या रकान्यात तपशील आणि बाहेरच्या रकान्यात त्याची बेरीज असते, त्यातलं एकच घ्या. ढोबळ नफा वरच्या भागाच्या शेवटी आणि खालच्या भागाच्या सुरुवातीला असा दोनदा छापलेला असतो. ते उत्पन्न नव्हे. उतरवून झालं की निव्वळ नफा छापील आकड्याशी जुळलाच पाहिजे. फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झाली आहे. ८४,५०० चे ४८,५०० झाले की फरक ३६,००० येतो. फरक नेमका ५,००० असेल तर ८ चा ३ वाचला गेलाय का ते पाहा.

आता पत्रकाची मांडणी. चार रकाने करा: वर्ष, मूळ शीर्ष (छापलंय तसंच), रक्कम, गट. दोन्ही वर्षं एकाखाली एक ठेवा. गट मोजकेच ठेवा: विक्री, इतर उत्पन्न, मालाची किंमत, पगार, व्याज, घसारा, भागीदारांचे वेतन-व्याज, इतर खर्च. शिवाय ‘ठरलं नाही’ असा एक. गटाची बेरीज सूत्राने येते:

```
=SUMIFS(C:C,A:A,"2023-24",D:D,"मालाची किंमत")
```

मालाची किंमत काढताना अखेरचा शिल्लक माल वजा चिन्हाने लिहा.

हार्डवेअरच्या दुकानाचं एक नमुना उदाहरण घ्या. २०२३-२४ ची विक्री ६० लाख, सुरुवातीचा माल ८ लाख, खरेदी ४६ लाख, हमाली-गाडीभाडं १ लाख २० हजार, अखेरचा माल ९ लाख. ढोबळ नफा १३ लाख ८० हजार, म्हणजे विक्रीच्या २३ टक्के. पुढच्या वर्षी अकाउंटंट बदलला. विक्री ६६ लाख, सुरुवातीचा माल ९, खरेदी ५१, अखेरचा माल १० लाख. पत्रकावर ढोबळ नफा १६ लाख, म्हणजे २४.२ टक्के. नफ्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. पण खाली अप्रत्यक्ष खर्चात ‘ट्रान्सपोर्ट’ १ लाख ४० हजार आहे. ते माल आणण्याचंच भाडं असेल, तर ‘मालाची किंमत’ या गटात टाका. नफा उरतो १४ लाख ६० हजार, २२.१ टक्के. प्रमाण वाढलं नाही, घटलं. निव्वळ नफा दोन्ही मांडण्यांत सारखाच राहतो, म्हणून ही गफलत बेरजेत कधीच पकडली जात नाही. भाडं माल आणण्याचं की गिऱ्हाइकाला पोचवण्याचं, हे विचारल्याशिवाय ते हलवू नका. पोचवण्याचं असेल तर जागा ‘इतर खर्चा’तच.

एका वर्षी ‘बँक चार्जेस व व्याज’ असं एकत्र शीर्ष आणि दुसऱ्या वर्षी दोन वेगळी, हेही नेहमीचं. अंदाजाने फोड करू नका. खातेउतारा मिळेपर्यंत दोन्ही वर्षांत ती रक्कम एकत्रच ठेवा. भागीदारांचं वेतन ‘पगारा’त मिसळू नका. ते वाढवलं की नोकरांवरचा खर्च वाढल्यासारखा दिसतो. ‘किरकोळ खर्च’ फुगलाय असं वाटलं तर गेल्या वर्षीचं कोणतं शीर्ष यंदा गायब आहे ते आधी शोधा. बहुतेकदा ते तिथेच मुरलेलं असतं.

शेवटी अकाउंटंटकडे सगळी वही मागू नका. ‘ठरलं नाही’ या गटात उरलेल्या शीर्षांची नावं लिहा आणि तेवढ्याच खात्यांचे दोन्ही वर्षांचे उतारे मागा.