बोधचिन्हाचे कच्चे रेखाटन आणि अक्षरलेखन

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. या फळाचा गर डब्यात भरून विकणाऱ्या एखाद्या महिला बचत गटास बोधचिन्ह हवे आहे, असे समजू. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी चित्रप्रणाली कच्ची रेखाटने काही मिनिटांत देते. मात्र सूचना नेमकी असावी लागते.

“सीताफळाचे सुंदर बोधचिन्ह काढा” एवढेच लिहिल्यास टोपली, सूर्य, शेतकरी आणि छायाप्रकाश यांची गर्दी झालेले चित्र बहुधा हाती येते. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे: “अर्धे उघडलेले एकच सीताफळ, मागे डोंगराची एक रेषा. सपाट हिरवा व पांढरा एवढेच रंग. रेषा जाड व मोजक्या. पार्श्वभूमी पांढरी. अक्षर वा अंक नको. खालचा एक तृतीयांश भाग मोकळा.” चार-सहा रेखाटने मिळाल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कोणत्या शब्दाने काय घडले ते समजते. निवडलेले चित्र केवळ काळ्या शाईत, दोन सेंटिमीटर आकारात छापून पाहावे. फळ ओळखू आले नाही, तर रेषा कमी कराव्यात.

मोकळा ठेवलेला भाग अक्षरांसाठी आहे. ही अक्षरे प्रणालीकडून का काढून घेऊ नयेत? प्रणाली अक्षर लिहीत नाही, अक्षरासारखा आकार रंगविते. त्यामुळे “सीताफळ” या शब्दातील दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होते, “ळ” भलतेच रूप घेतो, शिरोरेषा मध्येच तुटते. दुरून सारे ठीक दिसते; एकेक अक्षर बोट ठेवून वाचले की दोष कळतो. अलीकडच्या प्रणाली पुष्कळदा शुद्ध शब्द देतात, हे खरे. तथापि तोही ठिपक्यांनी बनलेल्या चित्राचाच भाग असतो. तो फलकाएवढा मोठा केला की कडा फाटतात, आणि गटाचे नाव बदलायचे झाल्यास चित्रच पुन्हा काढावे लागते.

संकल्पक प्रथम कच्चे रेखाटन रेषाकृतीत नव्याने आखतो. नंतर “मुक्त” किंवा “बालू” यांसारख्या मुक्त परवान्याच्या देवनागरी टंकात नाव टंकलिखित करून अक्षरांची जाडी चित्रातील रेषांशी जुळवितो. मुद्रकाकडे तो टंक नसल्यास जोडाक्षरे फुटतात; म्हणून अंतिम प्रतीत अक्षरांचे बाह्यरेषेत रूपांतर करतो. मूळ टंकलिखित प्रत मात्र गटाने स्वतंत्र जपून ठेवावी. पुढील दुरुस्ती तिच्यातच करता येते.

छपाईचा आदेश देण्यापूर्वी गावातील मराठीच्या शिक्षकांकडून अंतिम प्रत वाचून घ्यावी. हजारो डब्यांवर उमटलेली चुकीची वेलांटी मागाहून पुसता येत नाही.