'स्टे स्वीट, फ्लाय हाय' मराठीत कसं आणायचं?



संक्रांत जवळ आली की शाळेच्या फेसबुक पेजसाठी कुणीतरी तयार इंग्रजी शुभेच्छा पाठवतं आणि म्हणतं, "मॅडम, एवढं मराठीत करून द्या." अशीच एक ओळ घेऊ : 'स्टे स्वीट, फ्लाय हाय!' चित्रात वर पतंग, खाली तिळाचे लाडू.

शब्दाला शब्द ठेवला तर होतं, 'गोड राहा, उंच उडा!' व्याकरणात चूक नाही, पण कानाला खटकतं. आपल्याकडे लाडू गोड असतो, बोलणं गोड असतं. 'गोड राहा' असं कुणी कुणाला म्हणत नाही. आणि 'उंच उडा' वाचून पतंगापेक्षा क्रीडास्पर्धेतली उंच उडीच आठवते!

आता शब्द बाजूला ठेवा आणि ती ओळ काय करते ते बघा. दोन छोट्या आज्ञा, दोन्ही सारख्याच वजनाच्या. एक लाडवाची, एक पतंगाची. वाचणारा क्षणात हसून पुढे जातो. मराठीत आणायचं ते हे. त्यासाठीचा साचा आपल्याकडे आधीच आहे : 'तिळगूळ घ्या, गोड बोला.' पहिला अर्धा भाग दिसला की पुढचा आपोआप ओठांवर येतो. म्हणून पहिला भाग तसाच ठेवायचा आणि दुसऱ्यात गंमत करायची :

'तिळगूळ घ्या, पतंगाला ढील द्या!'

घ्या-द्या जुळलं. 'ढील' हा गच्चीवरचा शब्द. वारा लागला की मांजा सोडत जावा लागतो, तेव्हाच पतंग वर चढतो. त्यामुळे 'उंच' आणि 'उडणे' न वापरताही 'फ्लाय हाय' आलं. 'स्वीट'चं काम तिळगुळानेच केलं.

पालकांसाठीची पोस्ट असेल तर 'तिळगूळ घ्या, मुलांना जरा ढील द्या!' असंही करता येतं. यातला 'जरा' काढू नका. तो गेला तर काही पालकांना 'शिस्त सोडा' असं ऐकू येईल. मुख्याध्यापकांच्या सहीच्या शुभेच्छापत्रावर मात्र मी ही ओळ घालणार नाही.

येवल्यासारख्या गावात, जिथे संक्रांत म्हणजे पतंगच, तिथे 'ढील' लगेच कळेल. जिथे पतंग फारसे उडत नाहीत, तिथे हीच ओळ अडेल. मग पतंगाचं चित्रच बदला, लाडू ठेवा आणि लिहा : 'तिळगूळ घ्या, अबोला सोडा!' इथे यमक गेलं, उंच जाणंही गेलं, पण हसू राहिलं.

जमलं की नाही हे बघायला, इंग्रजी ओळ न पाहिलेल्या कुणाला तरी तुमची ओळ मोठ्याने वाचायला द्या. "म्हणजे काय?" असं विचारलं तर अजून भाषांतरच चाललंय.

वर्गातही हे करता येईल. फळ्यावर फक्त 'तिळगूळ घे,' एवढंच लिहा आणि पुढचं मुलांना पूर्ण करू द्या. मुलं एकमेकांना देणार आहेत, म्हणून इथे 'घ्या' नको, 'घे'च हवं.