पोरी, प्लेटलेट्सच्या आधी पीसीव्ही बघ

तुझं पोस्टिंग मेडिसिन वॉर्डात, तेही पावसाळ्यात. म्हणजे खाटांवर डेंग्यूचे पेशंट असणार आणि रोज सीबीसीच्या रिपोर्टांची चळत तुझ्या हातात पडणार. त्यातले सगळे रकाने परीक्षेसाठी पाठ कर, मी नाही म्हणत नाही. डेंग्यूच्या खाटेपाशी मात्र चार आकड्यांवर बोट ठेवता आलं तरी पुष्कळ झालं: हिमोग्लोबिन, पीसीव्ही, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स. त्यांच्याबद्दलच मावशीचे चार शब्द ऐक.

१. रिपोर्ट उघडलास की आधी नाव, नोंदणी क्रमांक आणि रक्त घेतल्याची वेळ वाच — छापल्याची वेळ नव्हे, कारण सकाळी 6 चं रक्त दुपारी 1 ला छापून आलं, तर तो सात तासांपूर्वीचा पेशंट आहे.

२. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त काढू नकोस, दुसरा हात धर — सलाईन मिसळलं की चारही आकडे एकदम खाली येतात. सगळेच एका सुरात पडले, तर आजाराच्या आधी सुईवर संशय घ्यावा.

३. टूर्निके मिनिटाच्या वर बांधून ठेवू नकोस — शिरेत रक्त तुंबून पाणी बाहेर झिरपतं आणि पीसीव्ही उगाच चढलेला दिसतो. डेंग्यूत तर आपण त्याच चढावर डोळा ठेवून असतो, म्हणजे घोटाळा नेमका नको तिथे.

४. जांभळ्या झाकणाचा बल्ब खुणेपर्यंत भर आणि लगेच आठ-दहा वेळा हळुवार उलटासुलटा कर, खळखळून हलवू नकोस — बारीकशी गुठळी झाली तरी प्लेटलेट्स तिच्यात अडकतात आणि रिपोर्टात खोट्या कमी येतात.

५. काल 1,60,000 होत्या, आज एकदम 18,000, आणि पेशंट मजेत चहा पितोय? मग धावाधाव करण्याआधी लॅबला फोन कर आणि स्मिअर काचेखाली बघायला सांग — काही जणांच्या प्लेटलेट्स त्या जांभळ्या बल्बातल्या रसायनामुळेच एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्यांना मोजत नाही. अशा वेळी निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या बल्बात पुन्हा रक्त पाठवायला सांगतात. पण लॅबचं उत्तर येईपर्यंत आकडा खरा धरूनच पेशंट सांभाळायचा.

६. हिमोग्लोबिनची तिप्पट करून पीसीव्हीशी ताडून बघ, साधारण जुळायला हवी — 12 ला 36 च्या आसपास. फारच अंतर पडलं तर नमुन्यात किंवा तांबड्या पेशींतच काही वेगळं आहे, लॅबला विचारावं.

७. आता मुद्द्याचं. पीसीव्ही म्हणजे शंभर भाग रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेले भाग. डेंग्यूत तो वाढतो तेव्हा पेशी वाढलेल्या नसतात, रक्तातलं पाणी शिरांबाहेर पोटात आणि छातीत झिरपलेलं असतं — आमटी आटली की दाट होते, डाळ काही वाढत नाही. पेशंट शॉकमध्ये जातो तो बहुधा या गळतीनं, प्लेटलेट्स कमी होण्यानं नव्हे.

८. भरतीच्या वेळचा पीसीव्ही चार्टच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेव — पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडायचा आहे. नव्यातून जुना वजा कर, उत्तराला जुन्यानं भाग, शंभरनं गुण. 20 टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर गळती चालू आहे असं समज.

९. रिपोर्टातल्या एच आणि एल या खुणांवर विसंबू नकोस, त्या पेशंटला ओळखत नाहीत. चोवीस वर्षांची, पन्नास किलोची बाई धर. तापाच्या तिसऱ्या दिवशी भरती झाली तेव्हा हिमोग्लोबिन 10.1, पीसीव्ही 30, पांढऱ्या पेशी 2,800, प्लेटलेट्स 1,10,000. अंगात रक्त आधीपासूनच कमी, आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं असतं तसं. पाचव्या दिवशी सकाळी ताप नाही. हिमोग्लोबिन 12.2, पीसीव्ही 36.5, पांढऱ्या पेशी 3,100, प्लेटलेट्स 42,000. बायकांचा पीसीव्ही लॅब साधारण 36 ते 46 धरते, त्यामुळे त्यापुढे खूणच नाही. उलट हिमोग्लोबिन सुधारलं म्हणून नातेवाईक खूश. आता तू हिशोब कर: 36.5 वजा 30 म्हणजे 6.5, भागिले 30, गुणिले 100. जवळजवळ 22 टक्के. दोन दिवसांत कुणाचं रक्त असं वाढत नाही, पाणी गळतंय — रिपोर्टात नॉर्मल, खाटेवर गडबड.

१०. ताप उतरला म्हणून खाटेवरची नजर उतरवू नकोस — डेंग्यूतली गळती बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरता उतरताच सुरू होते आणि एक-दोन दिवस चालते. आम्ही म्हणायचो, ‘ताप गेला, पहारा आला.’

११. फोन उचलण्याआधी खाटेपाशी जा आणि पाच गोष्टी बघ: नाडी, दोन्ही बीपी, हातपाय गार आहेत का, पोट दुखतंय का किंवा उलट्या थांबत नाहीत का, आणि शेवटची लघवी कधी झाली — आकडा खाटेशी जुळला की डॉक्टरांना निर्णय घ्यायला वेळ लागत नाही. आपल्या बाईची नाडी 112, बीपी 100/76, हात गार, पोटात दुखतंय, रात्रीपासून लघवी नाही. 100 बघून निश्चिंत होऊ नकोस, वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर मोज. ते 24 च आहे. 20 किंवा त्याखाली गेलं की तो शॉक.

१२. फोनवर पाल्हाळ नको, असं सांग: ‘सर, खाट 9, डेंग्यू, आज पाचवा दिवस, ताप उतरलाय. पीसीव्ही 30 वरून 36.5, बावीस टक्के वाढ, प्लेटलेट्स 42,000. नाडी 112, बीपी 100/76, हात गार, पोटदुखी, रात्रीपासून लघवी नाही. आत्ता बघायला येता का?’ — नुसतं ‘प्लेटलेट्स 42,000 आल्यात’ एवढंच सांगितलंस, तर ‘उद्या रिपीट करा’ एवढंच ऐकू येईल.

१३. सलाईनचा वेग डॉक्टर ठरवतील, पण थेंब तुलाच मोजायचेत. धोक्याची लक्षणं दिसली की सुरुवातीला किलोमागे ताशी 5 ते 7 मिली देतात. 6 सांगितले तर पन्नास किलोला ताशी 300 मिली, आणि 20 थेंबांना 1 मिली असलेल्या सेटवर मिनिटाला 100 थेंब. हा वेग तास-दोन तासांचाच असतो, मग पेशंट बघून कमी करत आणतात. म्हणून बाटलीवर चालू केल्याची वेळ लिही, लघवी मोजून ठेव (ताशी किलोमागे अर्धा मिली, म्हणजे हिला निदान 25 मिली हवी) आणि पुढचा पीसीव्ही कधी पाठवायचा ते तेव्हाच विचारून घे — सलाईन कमी पडलं तर शॉक, जास्त झालं तर छातीत पाणी.

१४. पीसीव्ही उतरला की लगेच आनंद मानू नकोस, आधी पेशंटकडे बघ — उतरण्याची कारणं दोन, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट. समज, आपल्या बाईचा सातव्या दिवशी 28 आला. नाडी 84, हात उबदार, भूक लागलीय, लघवीला सारखी जातेय, तर बाहेर गेलेलं पाणी शिरांत परत येतंय. मग सलाईन बंद करायचं का, हे डॉक्टरांना तूच आठवण करून विचार. आता चालूच ठेवलं तर धाप लागेल. पण त्याच 28 बरोबर नाडी 130, जीव कासावीस, शी काळी, तर आत कुठेतरी रक्त जातंय. तेव्हा डॉक्टर लगेच हवेत आणि रक्तपेढीला नमुना पाठवायची तयारी हवी. बाईमाणसाला पाळी चालू आहे का हेही विचार आणि पॅड मोज. त्या लाजून आपणहून सांगत नाहीत.

१५. प्लेटलेट्स कमी असताना कमरेत इंजेक्शन नाही, मऊ ब्रश, दाढीचं पातं बंद, आणि सुई काढल्यावर पाच-दहा मिनिटं बोटानं दाबून धर — नुसता कापूस चिकटवून निघून गेलीस तर तासाभरात तिथे निळं टेंगूळ दिसेल. डोकं खूप दुखतंय म्हणाला किंवा गुंगीत दिसला, तर पुढच्या राउंडची वाट बघू नकोस, तेव्हाच कळव.

१६. अंग दुखतं म्हणून घरची गोळी घेतली का, हे नाव घेऊन विचार: अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक. ‘काही घेतलं का?’ असं मोघम विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं, कारण मेडिकलमधून आणलेली गोळी लोक औषधात धरतच नाहीत. पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांनी सांगितल्या मापात.

१७. नातेवाईक दारातच धरून विचारतील, ‘सिस्टर, पेशी किती?’ मग, ‘बाटली कधी लावणार?’ चिडू नकोस, सगळ्या गल्लीनं त्यांना तेवढंच सांगितलेलं असतं. शांतपणे सांग की रक्तस्राव नसेल तर नुसत्या आकड्याखातर प्लेटलेट्स सहसा देत नाहीत, आणि किती खाली गेल्या की द्यायच्या ते डॉक्टर ठरवतात — बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्स डेंग्यूत फार टिकत नाहीत आणि वर त्या पाण्याचा भार होतो. पपईच्या पानांचा रस आणलाच असेल तर भांडू नकोस, पण उलट्या होत असताना पाजू देऊ नकोस, आणि डॉक्टरांच्या कानावर घाल.

१८. पांढऱ्या पेशी 2,500-3,000 बघून घाबरू नकोस, डेंग्यूत त्या आधी उतरतात आणि बरं होताना प्लेटलेट्सच्या आधी चढतात. केमोच्या पेशंटचे 2,500 मात्र वेगळ्या काळजीचे. तिथे न्यूट्रोफिल किती ते काढ: 2,500 पैकी 15 टक्के म्हणजे 375, आणि 500 च्या खाली नुसता तापसुद्धा तातडीचा. डेंग्यूचा पेशंट सुधारत असताना पेशी 14,000 वर गेल्या आणि ताप परत आला, तर सलाईनच्या सुईची जागा उघडून बघ — लाल, कडक, दुखरी असेल तर ताप तिथला असू शकतो.

१९. घरी सोडताना प्लेटलेट्स दीड लाख व्हायची वाट बघत नाहीत. औषधाविना निदान दिवस-दोन दिवस ताप नाही, जेवण जातंय, लघवी होतेय, धाप नाही, पीसीव्ही स्थिर आहे आणि प्लेटलेट्स 50,000 च्या वर चढत्या आहेत, एवढं बघतात. पुढच्या सीबीसीची तारीख डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात लिही आणि भरतीच्या वेळचं 10.1 हिमोग्लोबिनही तिथेच लिहून दाखव — डेंग्यू आठवड्यात जाईल, पण तिचं आधीपासूनचं रक्त कमी आहे ते तसंच राहील, आणि त्याची तपासणी अजून झालेली नाही.