आहार तेवढाच, मग वजन का थांबते?

वजन उतरविण्यासाठी जेवण कमी केलेल्यांची एक तक्रार नेहमी कानी येते. पहिले दोन-तीन महिने काटा खाली सरकतो आणि पुढे थांबतो. घरचे म्हणतात, "चोरून खात असशील." मग ती बाई आणखी एक पोळी कमी करते. नुकसानाला सुरुवात येथेच होते, म्हणून आत काय घडते ते आधी समजून घेऊ.

गोठ्यात पाहा. चारा कमी पडला म्हणजे म्हैस लगेच मरत नाही. आधी दूध आटते, मग ती फारशी हिंडत नाही, आणि त्यासोबत अंग उतरत जाते. आवक घटली की खर्च घटवायचा, हा शरीराचा धर्म आहे. माणसाचेही तसेच.

अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. तिचा खर्च तीन खात्यांवर होतो. स्वस्थ पडून असतानाही हृदय, यकृत, मेंदू चालू असतात, ते पहिले खाते. खाल्लेले पचविणे हे दुसरे, आणि हालचाल हे तिसरे. उपासमारीत ही तिन्ही खाती आक्रसतात.

याचे सर्वांत काटेकोर मोजमाप अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४५ साली डॉ. अ‍ॅन्सेल कीज यांनी केले. महायुद्धानंतर युरोपातील भुकेलेल्यांना पुन्हा कसे पोसावे, हे त्यांना शोधायचे होते. युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेले ३६ तरुण स्वेच्छेने पुढे आले. त्यांपैकी बरेचजण ब्रदरन, क्वेकर, मेनोनाइट अशा शांततावादी ख्रिस्ती पंथांचे होते. २४ आठवडे त्यांना रोज सुमारे १,५७० उष्मांकांचे जेवण मिळाले. पूर्वीच्या निम्म्याहून ते कमी होते. वजन सुमारे चौथा हिस्सा घटले. पण ही घट सुरुवातीस वेगाने झाली आणि शेवटी जवळजवळ थांबली. तेवढ्याच जेवणात आता त्यांचे शरीर भागवीत होते.

ही बचत कुठून झाली? निम्म्याहून अधिक बचत हालचालीच्या खात्यातून झाली आणि सुमारे एक तृतीयांश पडल्यापडल्या होणाऱ्या खर्चातून. उरलेली थोडी पचनातून, कारण पचवायलाच कमी होते. हालचालीतील बचतीचे एक कारण असे की हलके अंग वाहून न्यायला कमी शक्ती लागते. दुसरे असे की ते तरुण नकळत कमी हलू लागले होते. पडल्यापडल्या होणाऱ्या खर्चातील घट बरीचशी अंगच लहान झाल्याने होती. उरलेली घट म्हणजे शिल्लक अंगाने धरलेला खरा हात आखडता. त्याच्या खुणा उघड दिसत. नाडी मंद झाली, उन्हाळ्यातही पांघरूण लागे आणि मन सारखे अन्नाभोवती फिरे.

आता आपल्याकडील हिशेब मांडू. समजा, भोपाळजवळच्या एका शेतकरी घरातील ४५ वर्षांच्या बाईंचे वजन ७४ किलो आणि उंची १५५ सेंटिमीटर आहे. त्यांचा दिवसाचा खर्च अंदाजे २,१०० उष्मांक. प्रायश्चित्तकाळात त्यांनी आहार १,५०० वर आणला. रोज ६०० ची तूट पडू लागली. पहिल्या पंधरवड्यात काटा भरभर उतरला, कारण चरबीबरोबर अंगातील पाणीही गेले. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची काढणी होती, तेव्हा हालचालही भरपूर होती. ऑगस्टमध्ये वजन ६५ वर आले आणि तेथेच थांबले.

आता खर्च पाहा. अंग ९ किलोंनी हलके झाले, त्यामुळे सुमारे १५० उष्मांक वाचले. शरीराने हात आखडला, त्यामुळे सुमारे १०० वाचले. पावसात घरात बसणे वाढले आणि थकव्याने उठबस घटली, त्याचे आणखी १५०. एकूण खर्च १,७०० वर आला. तिकडे सहा महिन्यांत फोडणीत चमचाभर तेल वाढले, दुपारी मूठभर फुटाणे आले आणि अर्धा कप गोड चहा जास्त झाला. या तिन्हींचे मिळून सुमारे २०० उष्मांक. आवकही १,७०० झाली. जमाखर्च जुळला आणि काटा थांबला. बाईंनी चोरी केली नव्हती. त्यांचा हिशेब ७४ किलोंच्या बाईचा होता, आणि ती बाई आता उरली नव्हती.

मग शरीराला कमी अन्नाची सवय होते, म्हणून थोडक्यातच भागवावे काय? हा वाद आपल्या महाराष्ट्रातही झाला आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी शेल्डन मार्जेन यांच्यासह १९८२ साली असे मांडले की शरीर एका मर्यादेत आपला खर्च आवकीप्रमाणे जुळवून घेते. पुण्याचेच अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी सुखात्म्यांच्या मताला कडाडून विरोध केला. पुढे बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. प्रकाश शेट्टी व सहकाऱ्यांनी कुपोषित मजुरांचा स्वस्थपणीचा खर्च मोजला. तो कमी भरला खरा; पण अधिक काटेकोर तुलना केल्यावर दिसले की ही घट मुख्यतः लहान झालेल्या शरीराची आहे. म्हणजे बचत फुकट होत नाही. तिची किंमत मांस आणि काम करण्याची ताकद यांनी चुकवावी लागते.

म्हणून काटा थांबला की आणखी पोळी कमी करण्यापूर्वी तपासणी करा. आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी, सकाळी शौचानंतर आणि काही न खाता वजन घ्या. कंबरेचा घेर टेपने मोजा. चार आठवडे वजन आणि घेर दोन्ही स्थिर असतील, तरच वजन खरे थांबले समजावे. घेर उतरत असेल, तर चरबी जात आहे. मीठ, पाळी किंवा सूज यांमुळे साठलेले पाणी काट्यावर तिला झाकते. मग तेल आठवडाभर बाटलीतून न ओतता चमच्याने मोजा. बहुतेक घरांत वाढलेला भाग तेथेच सापडतो.

हिशेब चोख असूनही काटा हलत नसेल, तर काही आठवडे आहार थोडा वाढवून आहे ते वजन राखा. शरीराने आखडलेला हात या काळात बराच सैल होतो. ताटात डाळ, हरभरा, दही, अंडी यांचा वाटा वाढवा आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचे काम करा, म्हणजे मांस टिकते. त्यानंतर नव्या वजनाचा नवा हिशेब मांडून पुढे जायचे की थांबायचे ते ठरवा. ७४ वरून ६५ वर आलेल्या बाईंच्या गुडघ्यांना, रक्तदाबाला आणि साखरेला एवढ्यानेही पुष्कळ उतार पडतो.

सतत थंडी वाजणे, बद्धकोष्ठ, केस गळणे, पाळी चुकणे, उठवत नाही असा थकवा, ही लक्षणे दिसली तर आहार आणखी कमी करू नये. थायरॉईड मंद असला तरी हीच लक्षणे होतात, म्हणून डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळचे जेवणही सोडू नये.