स्टेंटनंतरचे पहिले तीन महिने : अर्धशक्ती व्यायाम व पथ्याहाराची आखणी

विषयप्रवेश

हृदयरोहिणीत स्टेंट बसविल्यानंतर रुग्ण सामान्यतः दोन ते पाच दिवसांत घरी येतो. त्याच्या हाती औषधांची यादी असते. परंतु किती चालावे, केव्हा चालावे व काय खावे याविषयी त्यात एखादी ओळच असते. हे प्रश्न घेऊन तो आपल्याकडे किंवा ओळखीच्या औषधालयात येतो. प्रस्तुत लेखात आम्ही या तीन महिन्यांच्या व्यायामाचा व आहाराचा क्रम मांडीत आहोत. हा क्रम हृदयरोगतज्ज्ञाच्या चिकित्सेला पूरक आहे, पर्यायी नव्हे.

स्टेंट ही औषधाचा लेप दिलेली धातूची बारीक जाळी होय. रोहिणीचे आतील अस्तर तिच्यावर पूर्णपणे चढण्यास काही महिने लागतात. तोवर उघड्या धातूवर रक्ताची गुठळी जमण्याचा धोका राहतो आणि पहिल्या महिन्यात तो सर्वाधिक असतो. ॲस्पिरिन व त्यासोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर ही जोडी यासाठीच दिलेली असते. ही औषधे मध्येच थांबविणे हे स्टेंट अचानक बंद पडण्याचे एक प्रमुख कारण आहे. दात काढावयाचा असो वा एकादशीचा उपवास असो, तज्ज्ञाला विचारल्याविना एकही मात्रा चुकता कामा नये. पुढील सर्व विवेचन हे गृहीत धरूनच केले आहे.

व्यायामाचे माप : नाडी की अर्धशक्ती?

आधुनिक ग्रंथांत व्यायामाची तीव्रता बहुधा नाडीच्या वेगावरून ठरवितात. मात्र या रुग्णांपैकी अनेकांना मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधे चालू असतात. या औषधांनी नाडीचा वेग दाबला जातो. हृदयावर पुरेसा ताण येऊनही नाडी ऐंशी-नव्वदच्या आतच राहू शकते आणि केवळ नाडी मोजणाऱ्याची फसगत होते.

अशा वेळी सुश्रुत व वाग्भट यांनी सांगितलेले अर्धशक्तीचे माप फार उपयोगी पडते. श्वास तोंडाने घ्यावासा वाटणे, कपाळ, नाक, काख व सांधे येथे घाम येणे आणि तोंडाला कोरड पडणे ही अर्धे बल खर्ची पडल्याची लक्षणे होत. आजच्या पुनर्वसन केंद्रांत 'बोलण्याची कसोटी' वापरतात, ती याच्याशी पुष्कळ जुळते. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये, अशी ती कसोटी आहे. वाक्य मध्येच तुटू लागले, की मर्यादा ओलांडली असे समजावे.

या मापालाही मर्यादा आहेत. उन्हाळ्यात घाम लवकर येतो, म्हणून श्वासाच्या लक्षणाला अधिक महत्त्व द्यावे. टिकाग्रेलोरमुळे काही रुग्णांना बसल्या जागीही दम लागल्यासारखे वाटते. हा दम श्रमाशी निगडित नसतो. तरी तो तज्ज्ञाला कळवावा व औषध आपण होऊन बंद करू नये. मधुमेही रुग्णाला छातीत न दुखताही हृदयाला रक्त अपुरे पडत असू शकते. त्याच्या बाबतीत नेहमीच्या अंतरात नव्याने लागलेला दम हीच धोक्याची सूचना मानावी.

व्यायामक्रम

पहिले दोन आठवडे : सपाट जागी सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे सावकाश चालावे व दर एक-दोन दिवसांनी एखादे मिनिट वाढवावे. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस प्रत्येक वेळी दहा ते पंधरा मिनिटे व्हावीत. मनगटातून वा जांघेतून जेथून नळी घातली असेल तेथे पहिला आठवडाभर ताण येऊ देऊ नये. भरलेली बादली उचलू नये. जांघेतून उपचार झाला असल्यास उकिडवे बसणे टाळावे व शौचासाठी खुर्चीचा वापर करावा.

तिसरा ते सहावा आठवडा : दिवसातून एकदा सलग वीस मिनिटे चालावे आणि ती हळूहळू तीसवर न्यावीत. आरंभीची व अखेरची पाच मिनिटे मंद चालीची असावीत. एकदम थांबल्यास रक्त पायांत साठते व चक्कर येते.

सातवा ते बारावा आठवडा : तज्ज्ञाने तपासून अनुमती दिल्यावर आठवड्यातून पाच दिवस तीस ते चाळीस मिनिटे, अर्धशक्तीपर्यंत जलद चालावे. हलके वजन उचलण्याचे व्यायामही झटका येऊन गेलेल्या रुग्णाने पाच आठवड्यांनंतरच, तेही अनुमतीने सुरू करावेत. वजन उचलताना श्वास कोंडू नये.

भोजनानंतर शतपावली करण्यास हरकत नाही. जलद चालणे मात्र भोजनानंतर दीड तास तरी करू नये, कारण त्या वेळी पचनासाठीही रक्ताची मागणी वाढलेली असते. साधे अनुलोम-विलोम चालेल. कुंभक, भस्त्रिका व जोरकस कपालभाती या काळात नको. वमन-विरेचनही करू नये. त्याने शरीरातील द्रव घटतो आणि वमनाने घेतलेली गोळीही बाहेर पडू शकते. भारतातील २४ रुग्णालयांत झटक्यानंतरच्या सुमारे चार हजार रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे जीवनमान व कामावरचे परतणे सुधारले. परंतु मृत्यू वा पुन्हा येणारे झटके निश्चितपणे घटल्याचे सिद्ध झाले नाही. म्हणून योगासने चालण्याच्या जोडीला असावीत, औषधांच्या जागी नव्हेत.

आहारक्रम

रुग्णालयातून आल्यावर आठ-दहा दिवस अग्नी मंद असतो. तेव्हा मुगाची पातळ खिचडी, भाताची पेज, दुधी-पडवळासारख्या भाज्या व ताजे ताक असा आहार चार वेळा थोडाथोडा द्यावा. मलावरोधामुळे कुंथणे हानिकारक आहे. इसबगोल दिल्यास ते इतर औषधांपासून दोन तास दूर ठेवावे.

त्यानंतर नेहमीचे मराठी जेवणच योग्य मापात बसवावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, दोन्ही वेळा भाजी, एक वेळ उसळ वा वरण, एक-दोन फळे, मूठभर अक्रोड-बदाम आणि मत्स्याहारी असल्यास आठवड्यातून दोनदा रश्शातील बांगडा, एवढे पुरेसे आहे. तेल दरमाणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला साधारण तीन-साडेतीन चहाचे चमचे असावे. तूप घ्यावयाचे असल्यास एक चमचा, तोही या मापातच धरावा. वनस्पती तूप व त्यातील तळण वर्ज्य. क्लोपिडोग्रेलमुळे पालेभाज्या सोडाव्या लागतात हा गैरसमज आहे. तशी सावधगिरी वॉरफरिन घेणाऱ्यांस हवी.

मिठाविषयी अधिक लिहिणे आवश्यक आहे. दिवसाचे सर्व मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका चहाच्या चमच्याच्या आत असावे. सैंधव अपायकारक नाही म्हणून रुग्ण ते सढळ हाताने वापरतात. परंतु सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. लोणचे, पापड व फरसाण यांबरोबरच आपल्या औषधालयातील चूर्णेही हिशेबात धरावीत. लवणभास्करात लवणांचा मोठा भाग असतो आणि हिंग्वाष्टकात सैंधव असते. ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. लसणाच्या कॅप्सूल, गुग्गुळ व हळदीचे अर्क रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढवू शकतात. या जोडगोळ्या घेणाऱ्यास ते विचारल्याविना देऊ नयेत. स्वयंपाकातील लसूण-हळदीस हरकत नाही.

एक रुग्णवृत्त

किराणा दुकान चालविणारे ५६ वर्षांचे गृहस्थ. वजन ७८ किलो. झटका आल्यावर उजव्या हृदयरोहिणीत स्टेंट बसविला होता. पुढील रोहिणीत मध्यम अरुंदपणा होता व तो औषधांवर ठेवला होता. विश्रांतीतील नाडी ५८ होती. चालण्याचा क्रम वर सांगितल्याप्रमाणे सुरू केला आणि रोजची मिनिटे, लक्षणे व औषधे लिहिण्यासाठी वही दिली. धान्याची पोती उचलण्याचे काम पूर्ण बंद केले.

चौथ्या आठवड्याअखेर ते पंचवीस मिनिटे विनासायास चालत होते. पाचव्या आठवड्यात मात्र त्यांनी येऊन हिंग्वाष्टक मागितले. "वैद्यबुवा, गॅस फार होतो, छातीपर्यंत चढतो," असे त्यांचे म्हणणे होते. वही पाहता हा त्रास देवळाच्या चढावर, दहाव्या मिनिटाच्या सुमारास होत होता आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत शमत होता. भोजनाशी त्याचा संबंध नव्हता व ढेकर येऊनही आराम पडत नव्हता. त्या वेळी नाडी केवळ ८४ होती. परंतु बोलताना वाक्य तुटत होते. श्रमाने येणारी व विश्रांतीने शमणारी पीडा हृदयाची मानावी, या नियमाने चूर्ण न देता त्यांना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठविले. तपासणीत पुढील रोहिणीतील अरुंदपणा दोषकारक ठरला व तेथे दुसरा स्टेंट बसविण्यात आला.

तीन महिन्यांची मोजणी त्या दिवसापासून पुन्हा सुरू केली. बाराव्या आठवड्यात ते त्याच चढासह पस्तीस मिनिटे बोलत-बोलत चालत होते. वजन ७४ किलो झाले होते व एकही गोळी चुकली नव्हती.

वैद्य व औषधी विक्रेत्यांसाठी

'गॅस'साठी चूर्ण मागणाऱ्या स्टेंटच्या रुग्णास तीन प्रश्न विचारावेत. त्रास चालताना होतो का? थांबल्यावर शमतो का? पूर्वीपेक्षा कमी श्रमात होऊ लागला आहे का? एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले तर चूर्ण न देता त्याच दिवशी तज्ज्ञाकडे धाडावे. छातीत दाब, जबडा वा डाव्या हातात कळ, थंड घाम यांपैकी काही झाल्यास रुग्णाने चालणे थांबवून बसावे व तज्ज्ञाने दिलेली जिभेखालची गोळी घ्यावी. पाच मिनिटांत उतार न पडल्यास, किंवा त्रास विश्रांतीतच सुरू झाला असल्यास, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी रुग्णाने स्वतः वाहन चालवीत जाऊ नये.